गिऱ्हाईक म्हणतंय पैसे दिले, आमच्या क्यूआरवर काहीच नाही. कोण खरं?

वाणी_कराडकर | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:१५

आमचं कराडजवळ किराणा दुकान आहे, आबांनी सुरू केलेलं, आता मीच बघतो, आबा सकाळी दोन तास गल्ल्यावर बसतात. काल शनिवारी संध्याकाळी पावणेआठला शाळेतले निवृत्त सर आले, महिन्याचा किराणा, १८४० रुपये झाले. दुकानात गर्दी, मी तेलाचे डबे काढत होतो, सरांनी स्कॅन केलं आणि म्हणाले झालं रे. मशीन बोललंच नाही. मी म्हटलं सर जरा थांबा, आवाज आला नाही. त्यांनी मोबाईल दाखवला, हिरवी बरोबरची खूण, १८४०, खाली आमच्या दुकानाचं नाव. बँकेचा पैसे वजा झाल्याचा मेसेजही आलेला. माझ्या ॲपमध्ये मात्र काही नाही. पंधरा मिनिटं थांबलो तरी नाही.

मग जरा वाजलं. मी एवढंच म्हटलं की सर पैसे आलेले दिसत नाहीत, तर त्यांना लागलं, म्हणाले "तीस वर्षं तुझ्या बापाच्या दुकानातून माल नेतोय, आज मी चोर झालो काय". चार माणसं बघत होती. शेवटी आबा आतून बाहेर आले, म्हणाले जाऊ दे त्यांना. सर माल घेऊन गेले पण तोंड पाडून गेले. मी वहीत १८४० लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय.

आज कस्टमर केअरला फोन केला, सरांकडून यूटीआर नंबर मागून घेतला होता तो सांगितला, तर म्हणे असा व्यवहार आमच्याकडे नाहीच. आता सर खोटं बोलतील असं मला वाटत नाही, पण पैसे गेले कुठं? कुणाला असा अनुभव असेल तर सांगा.

---

पश्या०७ | ९ नोव्हेंबर, १०:३१

भाऊ फेक ॲप. डोळे झाकून सांगतो. हुबेहूब हिरवी खूण, नाव, रक्कम, आवाजसुद्धा येतो. आमच्याकडे चौकातल्या वडापाववाल्याला दोन पोरांनी आठवडाभर असं गंडवलं. निवृत्त असो नाहीतर कुणी असो, मशीन बोललं नाही तर माल सोडायचा नाही.

---

सुलभा_के | १०:४४

माझेपण असेच झाले होते, २३९ चा रिचार्ज मारला आणि पैसे गेले पण रिचार्ज झाला नाही. तुम्ही कंपनीच्या ॲपमध्ये तक्रार टाका, दोन दिवसात मिळतात.

---

वाणी_कराडकर | १०:५२

ताई, पैसे माझे नाही गेले, गिऱ्हाईकाचे गेलेत. मी दुकानदार.

पश्या, सरांचा फोन त्यांच्या मुलीने दिलेला, त्यात ॲप टाकणंसुद्धा त्यांना जमत नाही, फेक ॲप कुठून आणणार.

---

घाटावरचा | ११:०५

घाबरू नका, हे पैसे लटकलेत. मी खेड शिवापूरला पंपावर २००० चं पेट्रोल भरलं, पैसे कटले, पंपवाला म्हणे आले नाहीत, मागे गाड्यांची रांग, शेवटी रोख दिले. तिसऱ्या दिवशी आपोआप परत आले. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, दुकानदाराला पोचले नाहीत तर पाच दिवसात परत, नाहीतर रोजचे १०० रुपये बँकेने द्यायचे. तुमच्या सरांचे पण येतील. पाच दिवस थांबा आणि मग त्यांच्याकडून घ्या.

---

जुना_कॅशियर | १० नोव्हेंबर, सकाळी ६:४०

मी एका सहकारी बँकेत आहे, गेली सात वर्षं हाच धंदा, रात्रीचे यूपीआयचे व्यवहार जुळवायचे आणि जे जुळत नाहीत त्यांच्या मागे लागायचं. घाटावरचा म्हणतात तो नियम खरा आहे, २०१९ चं परिपत्रक आहे. दुकानाला केलेलं पेमेंट असेल तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवस, माणसाने माणसाला पाठवलेले असतील तर एकच दिवस, आणि त्यानंतर रोजचे १०० भरपाई. पण तो नियम मधे अडकलेल्या पैशाला. देणाऱ्याच्या बँकेने कापले, घेणाऱ्या बाजूने वेळेत उत्तरच आलं नाही, अशावेळी. तेव्हा स्क्रीनवर बहुतेक 'प्रोसेसिंग' किंवा 'पेंडिंग' असं दिसतं, घड्याळाचं चित्र असतं. पंपावर तुम्हाला हेच दिसलं असणार.

इथं वाणीदादा म्हणतात हिरवी खूण आहे. म्हणजे बहुतेक वेळा पैसे कुणाच्यातरी खात्यात पोचलेले असतात. बहुतेक म्हणतोय कारण कधीकधी घेणाऱ्या बँकेचं उत्तर आलेलं नसतानाही व्यवहार यशस्वी धरला जातो आणि जमा मागाहून होते. पण १०० तल्या ९५ वेळा मी जे बघितलंय त्यात पैसे पोचलेले असतात, फक्त तुम्ही बघताय तिथं नाही. त्यामुळे दिले की नाही दिले हा वाद सोडा आणि कुठे दिले ते शोधा.

सरांना पुन्हा एकदा नीट बोलून (माफी मागायला गेलात तर काम सोपं होईल) त्यांच्या ॲपच्या हिस्टरीत जाऊन तो व्यवहार उघडा. नुसता फोटो मागवू नका. दुकानाच्या नावाच्या खाली बारीक अक्षरात यूपीआय आयडी असतो, @ वाला. तो आणि तुमच्या आत्ताच्या स्टिकरवरचा आयडी अक्षर न् अक्षर जुळवा. नाव बघून फसू नका. तालुक्यात एकाच नावाची पाच दुकानं असतात.

---

पश्या०७ | ८:१२

@जुना_कॅशियर एक शंका. यूटीआरवरून पण कळतं ना? पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ८ नोव्हेंबर म्हणजे ३१२ वा दिवस, म्हणजे ५३१२ ने सुरू व्हायला पाहिजे. नाही झाला तर फेक. आम्ही असंच पकडतो.

---

जुना_कॅशियर | ८:४०

ही युक्ती चांगली आहे, मी पण वापरतो, पण ती जुळली तर जुळली. न जुळणारे खरे व्यवहार मी स्वतः बघितलेत, सगळीकडे आकडे तसेच पाडतात असं धरून चालू नका. आणि ज्याला फेक स्क्रीन बनवता येते त्याला कॅलेंडर बघून चार आकडे टाकता येत नाहीत का? नुसत्या त्या आकड्यांवरून कुणाला चोर म्हणू नका एवढंच. बारा आकडी नंबरचा खरा उपयोग म्हणजे घेणाऱ्याच्या बाजूला तो शोधून बघणं. देणाऱ्याच्या फोनवर काय दिसतंय यावरून शेवटचा निकाल लागत नाही, तो मेसेज असो, फोटो असो नाहीतर हिरवी खूण.

---

मेधा_नाशिक | ९:३०

पण मग मशीन का नाही बोललं? आमच्या मेडिकलमध्ये मशीन नाही बोललं की आम्ही पैसे आले नाहीत असंच धरतो.

---

जुना_कॅशियर | ९:५५

तसं धरू नका ताई. त्या डब्यात स्वतःचं सिम असतं, त्याला रेंज नसली की तो गप्प, पैसे मात्र पोचलेले असतात. काही डबे रेंज आली की मागचे तीन एकदम बोलतात, काही तेवढे खाऊनच टाकतात. म्हणून आधी तुमच्या फोनवरचं दुकानाचं ॲप रिफ्रेश करून बघायचं. बँकेच्या मेसेजवर पण विसंबू नका, छोट्या रकमेचे जमा झाल्याचे मेसेज काही बँकांनी २०२४ पासून बंदच केलेत. आणि दुकानाचा क्यूआर असेल तर पैसे बऱ्याचदा एकेक करून पासबुकात येतच नाहीत, क्यूआर देणारी कंपनी दिवसभराचे गोळा करून एकरकमी टाकते. पासबुकात १८४० शोधत बसलात तर सापडायचे नाहीत, त्यात ६३१५ असा काहीतरी आकडा असेल आणि त्याच्या पोटात ते असतील.

---

घाटावरचा | १०:२०

हे सगळं ठीक पण गर्दीच्या वेळी हे कोण करणार. आमचा दूधवाला म्हणतो रोख आणा नाहीतर उद्या आणा. मला पटतं त्याचं.

---

रानभाजी | ११:०२

यात क्यूआर बदलण्याचा पण प्रकार असू शकतो. यावर्षी जानेवारीत खजुराहोला रात्रीत दुकानांच्या स्टिकरवर दुसरे स्टिकर चिकटवले होते, पेट्रोल पंप, मेडिकल सगळीकडे, पैसे भलत्याच्याच खात्यात. स्टिकर नखाने खरवडून बघा खाली दुसरं आहे का.

---

वाणी_कराडकर | १० नोव्हेंबर, दुपारी ३:२०

सकाळी सरांकडे जाऊन आलो. चहा पण दिला नाही आधी. मग कॅशियर दादा म्हणाले तसं सांगितलं की सर, तुम्ही दिलेत हे मी धरून चाललोय, फक्त कुणाला गेलेत ते बघू. तेव्हा नरमले. हिस्टरी उघडली. व्यवहार यशस्वी, वेळ ७:४३, यूटीआर ५३१२ नेच सुरू होतोय (पश्या, घे). नाव आमच्याच दुकानाचं. पण खालचा आयडी आमचा नाही! आमचा आयडी वेगळ्या कंपनीचा आहे, त्यांच्यात दिसतोय तो @ च्या पुढे भलतंच काहीतरी. स्टिकर खरवडून बघितलं, खाली काही नाही, आणि आमच्या स्टिकरवर मी स्वतः एक रुपया टाकला तर मशीन लगेच बोललं.

आता माझं डोकं चालेना. त्याच नावाचं दुसरं दुकान आमच्या माहितीत नाही.

---

मेधा_नाशिक | ३:४५

सरांनी स्कॅन केलं की आधीच्या यादीतून नाव निवडलं? माझी सासू तसंच करते, कॅमेरा लावायचा कंटाळा. आधी कधी दिलेले असतील त्या नावावर टाकून देते.

---

वाणी_कराडकर | ४:०५

विचारलं, म्हणाले स्कॅनच केलं. "तुझ्या फ्रीजवर आहे ना तो".

फ्रीजवर??

---

जुना_कॅशियर | ४:११

दादा उठा आणि दुकानात जेवढे म्हणून चौकोन चिकटवलेले असतील, गल्ल्यावर, काचेवर, शटरच्या आतल्या बाजूला, वजनकाट्याच्या मागे, त्या प्रत्येकावर स्वतःच्या फोनवरून एकेक रुपया टाका आणि कोणता कुठे जातो ते लिहून काढा.

---

वाणी_कराडकर | १० नोव्हेंबर, रात्री ९:५०

सापडलं. आणि आता हसू का रडू ते कळत नाही.

कोल्ड्रिंकच्या फ्रीजच्या कडेला, खांद्याच्या उंचीवर, एक जुना स्टिकर आहे. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीचा पोरगा आला होता, त्याने आबांच्या नावावर, आबांच्या नंबरवर क्यूआर काढून दिला, मशीन पण दिलं. मशीनचं महिन्याचं भाडं कापायचे म्हणून मार्चमध्ये आम्ही ते परत केलं आणि माझ्या नावावर दुसऱ्या कंपनीचं घेतलं. गल्ल्यावरचा जुना स्टिकर काढला. फ्रीजवरचा राहिला, कारण त्याच्यापुढे चिप्सच्या पाकिटांचा स्टँड होता, तो दिसतच नव्हता. दिवाळीच्या फराळाच्या मालासाठी दसऱ्यानंतर मी तो स्टँड दाराकडे सरकवला आणि स्टिकर उघडा पडला. मला वाटायचं मशीन परत केलं म्हणजे खातं बंद झालं.

त्याच्यावर एक रुपया टाकला. हिरवी खूण. दुकानाचं नाव. दुकानात चिडीचूप.

---

जुना_कॅशियर | १०:०८

हेच. मशीन हा नुसता भोंगा आहे, त्याचा क्यूआरशी संबंध इतकाच की तो बातमी ओरडून सांगतो. छापील स्टिकरवर फक्त आयडी असतो, आणि जोवर आयडी कंपनीकडे चालू आहे तोवर तो पैसे घेत राहतो, डबा परत करा नाहीतर नदीत टाका. तुम्ही कस्टमर केअरला फोन केलात तो नव्या कंपनीच्या, ते म्हणाले आमच्याकडे असा व्यवहार नाही, तेही खरंच बोलले.

घाटावरचा, आणि म्हणूनच इथं पाच दिवस थांबून काही झालं नसतं. व्यवहार पूर्ण झालेला आहे, परत यायला तो कुठे अडकलेलाच नाही. पाच दिवसांनी वाणीदादांनी सरांकडे पुन्हा १८४० मागितले असते.

आता जुन्या कंपनीच्या खात्याला पैसे जमा करायला कोणती बँक जोडलेली आहे ते आबांना विचारा आणि पासबुक भरून आणा.

---

घाटावरचा | १०:३०

मान्य. माझं पेंडिंग होतं हे आत्ता आठवलं, पिवळं काहीतरी दिसत होतं.

---

पश्या०७ | १०:४१

मी माझा फेक ॲपवाला प्रतिसाद मागे घेतो. सरांपुरता.

---

वाणी_कराडकर | १२ नोव्हेंबर, रात्री ९:१०

अपडेट देतो, लांबलंय, माफ करा.

आबांचं ते खातं गावच्या बँकेत, डेअरीचे पैसे येतात तेच. पासबुक मे महिन्यापासून भरलेलंच नव्हतं. काल भरून आणलं तर ऑक्टोबरपासून मधूनमधून त्या कंपनीच्या नावाने जमा, कधी १२०, कधी ४५५, एकदा ९८०. ९ तारखेला २०१५. म्हणजे सरांचे १८४० आणि अजून कुणाचेतरी १७५. कॅशियर दादा म्हणाले तसंच, १८४० असा आकडा कुठंच नाही. सगळे मिळून सात हजाराच्या आसपास आहेत.

कुणाचे किती हे बघायला जुनं ॲप उघडायला पाहिजे, त्याला ओटीपी आबांच्या नंबरवर. आबांचा साधा बटणांचा फोन, ओटीपी येईचना. अर्धा तास आम्ही कंपनीला शिव्या घातल्या, मग पुतण्याने बघितलं तर मेसेज बॉक्स फुल! शेकडो मेसेज, न वाचलेले. पन्नासएक पुसले तर धडाधड मागचे यायला लागले आणि त्यातच ओटीपी आला.

ॲपमध्ये सगळं लख्ख. ८ नोव्हेंबर, ७:४३, १८४०, सरांचं नाव. वहीतली नोंद खोडली आणि सरांकडे आबांना घेऊनच गेलो. आबांना बघून सर उठून उभे राहिले. मला मात्र म्हणाले "तू दुकान तुझ्या नावावर केलंस, गिऱ्हाईक अजून तुझ्या बापालाच पैसे देतंय". आबा दोन दिवस हेच सगळ्यांना सांगतायत.

---

मेधा_नाशिक | ९:३२

काय भारी बोलले सर! पण मग बाकीच्या गिऱ्हाइकांच्या वेळी मशीन बोललं नाही तेव्हा तुम्हाला कळलं कसं नाही?

---

वाणी_कराडकर | ९:५८

सकाळी आबा असतात तेव्हा लोक फोन दाखवतात, आबा मान हलवतात, त्यांना मशीनचं तसंही ऐकू येत नाही. बहुतेक तेच. संध्याकाळी मी असताना फक्त दोन वेळा झालंय. एक सर.

दुसरं सांगायला जड जातंय. धनत्रयोदशीला, १८ ऑक्टोबर, आयटीआयचा एक पोरगा आला होता, बिस्किटं, मॅगी, अंगाचा साबण असं २६० चं सामान. मशीन बोललं नाही. त्याने फोन दाखवला, मी ऐकलं नाही, दिवाळीची गर्दी, डोकं फिरलेलं, म्हटलं असली पोरं रोज बघतो. त्याच्याकडून रोख २६० घेतले. त्याने खिशातून दहा वीसच्या नोटा काढून दिल्या आणि गेला. ॲपमध्ये बघितलं, १८ ऑक्टोबर, ६:५२, २६०. आहेत.

---

पश्या०७ | १०:०५

आईशप्पथ.

---

रानभाजी | १०:१२

ॲपमधून रिफंड करता येतो ना? ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जातो, त्याचा नंबर माहीत असायची गरज नाही.

---

वाणी_कराडकर | १०:२०

बघितलं, सरांच्या व्यवहारावर रिफंडचं बटण चालू दिसतंय, त्या पोराच्या व्यवहारावर राखाडी आहे, दाबलं जात नाही. नाव दिसतंय पण नंबराचे शेवटचे चारच आकडे.

---

जुना_कॅशियर | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:३५

जुन्या व्यवहाराला रिफंडची मुदत संपलेली असते, कंपनीगणिक वेगळी. त्यांच्या दुकानदार मदतकक्षाला तो यूटीआर देऊन विचारा, हातानं करून देतात का. करतीलच असं नाही. तुमच्या बँकेकडून त्याचा खाते नंबर मिळणार नाही, तो मागूही नका.

आणि जुना क्यूआर नुसता फाडू नका, ॲपमध्ये जाऊन किंवा लेखी कळवून आयडी बंद करून घ्या. कुणाच्या फोनमधल्या आधीच्या यादीत तो पडून असेल, मेधाताईंच्या सासूबाईंसारखं कुणीतरी स्कॅन न करताच टाकेल आणि पुन्हा हेच. बंद झाल्यावर एक रुपया टाकून बघा, गेला नाही पाहिजे.

---

सुलभा_के | ९:१५

माझ्या रिचार्जचे अजून आले नाहीत.

---

जुना_कॅशियर | ९:२२

ताई, स्क्रीनवर काय दिसतंय? हिरवं का घड्याळ?

---

घाटावरचा | ९:४०

@वाणी आयटीआयच्या वसतिगृहावर जाऊन विचारा की, नाव आहे ना तुमच्याकडे.

---

वाणी_कराडकर | १५ नोव्हेंबर, रात्री ८:३०

गेलो होतो. त्या नावाचे दोघं आहेत, एक फिटरचा, एक इलेक्ट्रिशियनचा. फिटरवाला भेटला, तो नाही. दुसरा दिवाळीच्या सुट्टीला गावी गेलाय तो अजून आला नाही म्हणतात. २६० रुपये पाकिटात घालून गल्ल्यात वेगळे ठेवलेत, वर नाव लिहिलंय. आबा म्हणतात साबण पण दे एक.

फ्रीजवरचा स्टिकर काढला, डिंक काही निघत नाही, चौकोन दिसतोच आहे. काल एकाने तिथंच फोन धरला होता.